जितकं-तितकं, इतकं आणि दुप्पट: इंग्रजी स्ट्रक्चरच्या प्रश्नांमधल्या तुलनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत संध्याकाळी इंग्रजीचे क्लास घेते, मुलं देवगड-मालवणपासून ऑनलाइन पण बसतात. खाली जे प्रश्न आहेत ते सगळे मुलांनी खरंच विचारलेले आहेत, काही तर दर बॅचला येतात म्हणून एकदाचं सविस्तर लिहून ठेवतेय. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहिलीत कारण मोबाईलवर सलग वाचायला बरं पडतं, आणि मोठ्याने म्हणून बघितलं की वाक्याचा ठेकापण कानात बसतो, या प्रकारात तो ठेका खूप उपयोगी पडतो.

स्ट्रक्चरचे प्रश्न म्हणजे नेमके कोणते?

टोफेल आयटीपी नावाची परीक्षा आहे, तिच्या लेव्हल १ मध्ये दुसरा सेक्शन व्याकरणाचा असतो, ४० प्रश्न आणि २५ मिनिटं. त्यातले पहिले १५ रिकामी जागा भरायचे, म्हणजे स्ट्रक्चर, आणि पुढचे २५ अधोरेखित चार भागांतला चुकीचा भाग ओळखायचे. इंटरनेटवर देतात त्या टोफेलमध्ये २००५ पासून हा व्याकरणाचा वेगळा सेक्शन नाहीये, त्यामुळे आधी बघा तुम्ही कुठली परीक्षा देताय. बाकी आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांत चूक शोधा टाइपचे प्रश्न असतात त्यांनाही खालचं सगळं लागू पडतं.

मराठीत "जितकं-तितकं" म्हणतो ते इंग्रजीत "द मोअर, द मोअर" का "ॲज मच ॲज"?

हाच खरा मूळ प्रश्न आहे आणि बाकीच्या निम्म्या चुका इथूनच निघतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

मराठीत एकच जोडी दोन वेगळी कामं करते. "जितक्या व्यक्ती तितक्या प्रकृती" ही म्हण घ्या. यात काही वाढत नाहीये, काही कमी होत नाहीये. दहा माणसं असतील तर स्वभावही दहा, एवढंच म्हणणं आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचा आकडा सारखा. आता दुसरं वाक्य घ्या, चवथीला मुंबईचे चाकरमानी घरी आले की आजी म्हणते "जितकी माणसं जास्त तितकी मजा जास्त". इथे आकडा सारखा असल्याची गोष्टच नाही, एक वाढलं की दुसरंही वाढतं असं आजीला म्हणायचंय.

इंग्रजीला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याने दोन्हीसाठी वेगळे साचे ठेवलेत. सारखेपणा असेल तर "ॲज मेनी ॲज", "ॲज मच ॲज". एकाबरोबर दुसरं बदलत असेल तर "द मोअर, द मोअर". "द मोअर द मेरिअर" म्हणजे आजीचंच वाक्य, माणसं जास्त तेवढी मजा जास्त.

तर ओळखायचं कसं? मराठीत वाक्य मनात म्हणा आणि बघा की दोन्ही तुकड्यांत "जास्त" किंवा "कमी" बसतंय का. बसलं आणि अर्थ तोच राहिला तर द-द चा साचा. "जितक्या जास्त व्यक्ती तितक्या जास्त प्रकृती" म्हटलं की म्हणीचा अर्थ सरकतो ना, म्हणजे तिथे ॲज-ॲज. "जितके पाहुणे तितकी पानं मांडली", इथेही ॲज-ॲज, कारण आठ पाहुण्यांना आठच पानं. पण "जितकं खोल जावं तितका अंधार", इथे "जितकं जास्त खोल तितका जास्त अंधार" अगदी सहज बसतं, म्हणजे द-द.

मालवणीत घरी "जेवढो-तेवढो" म्हणणाऱ्या मुलांनाही हीच कसोटी लागू आहे, शब्द बदलला तरी काम तेच.

"द मोअर द मेरिअर" मध्ये क्रियापद कुठे गेलं? आणि "द" तर नामाच्या आधी येतो ना?

क्रियापद गाळलंय. अशी छोटी घासून गुळगुळीत झालेली वाक्यं थोडीच आहेत, "द सूनर द बेटर" हे अजून एक. परीक्षेत पूर्ण वाक्य देतात.

"द" चं म्हणाल तर हा आपला नेहमीचा आर्टिकलवाला "द" नाहीच. जुन्या इंग्रजीत "त्या प्रमाणात" अशा अर्थाचं एक विभक्तीचं रूप होतं, ते पुढे झिजून "द" सारखंच दिसायला-ऐकायला लागलं. म्हणजे "द मोअर... द मोअर" मधले दोन "द" हे खरं तर इंग्रजीचे "जितक्या प्रमाणात... तितक्या प्रमाणात" आहेत. हे कळलं की दोन गोष्टी आपोआप समजतात, एक म्हणजे विशेषणाच्या आधी "द" कसा चालतो, आणि दुसरं म्हणजे दोन्हीकडे "द" लागतोच. आपण तरी "जितकं" म्हणून "तितकं" गाळतो का, कानाला लगेच खटकतं.

पूर्ण वाक्यात शब्दांचा क्रम काय असतो? इथेच माझं नेहमी चुकतं.

तुमचंच नाही, सगळ्यांचं इथेच चुकतं. साचा असा आहे: द, मग तुलनेचं रूप, मग कर्ता, मग क्रियापद. कॉमा. परत द, तुलनेचं रूप, कर्ता, क्रियापद.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा थोड्याच होड्या किनाऱ्याजवळ जातात आणि बाजारात भाव चढतो. प्रश्न असा समजा:

"द फ्युअर बोट्स गो आउट, ____."
१) द प्राइस ऑफ फिश इज हायर
२) द हायर द प्राइस ऑफ फिश इज
३) हायर इज द प्राइस ऑफ फिश
४) द मोअर हाय द प्राइस ऑफ फिश इज

वेंगुर्ल्याच्या एका मुलीने याला १ लिहिलं होतं आणि मला तिचं कारण फार आवडलं. ती म्हणाली मॅडम, मी आधी मराठीत वाक्य केलं, "जितक्या कमी होड्या जातात तितका माशांचा भाव जास्त असतो", मग "भाव" आधी आला म्हणून "द प्राइस" आधी घेतला, आणि त्यात "द" पण होता. बघा, तिने आंधळेपणाने टिक केलं नव्हतं, "द" दिसायला हवा हे तिला माहीत होतं. पण तो "द" प्राइसचा होता, जोडीतला नव्हता. मराठीत "तितका" एकीकडे आणि "जास्त" दुसरीकडे, मध्ये "माशांचा भाव" बसला तरी चालतं. इंग्रजीत "द" आणि "हायर" यांच्यामध्ये काहीही शिरू शकत नाही. ते दोघं चिकटून, तुकड्याच्या अगदी सुरुवातीला येतात.

म्हणून १ गेला. ३ मध्ये हायर सुरुवातीला आहे पण जोडीतला "द" नाही. ४ मध्ये "मोअर हाय" आहे, हाय हा छोटा शब्द, त्याचं रूप हायरच होतं. राहिला २, तेच उत्तर.

इथे अजून एक मोठी चूक सांगते. लांब विशेषणाला "मोअर" लागतं, जसं मोअर एक्स्पेन्सिव्ह. तेव्हा मुलं "द मोअर" पुढे काढतात आणि विशेषण मागेच ठेवतात, "द मोअर द फिश बिकम्स एक्स्पेन्सिव्ह". हे चूक. मोअर जाताना आपल्या विशेषणाला बरोबर घेऊन जातो, "द मोअर एक्स्पेन्सिव्ह द फिश बिकम्स". तसंच नामाचं, "द मोअर बोट्स गो आउट" बरोबर, "द मोअर गो आउट बोट्स" नाही. मी मुलांना सांगते की मोअर आणि त्याचा शब्द एकाच होडीत बसलेत, एकाला किनाऱ्यावर ठेवून होडी सुटत नाही.

कर्ता-क्रियापद उलटं दिलं असेल तर? "द ग्रेटर इज द प्रेशर" असं बघितलं होतं.

चालतं. दुसऱ्या तुकड्यात इज-आर सारखं क्रियापद असेल तर ते कधीकधी कर्त्याच्या आधी येतं, विशेषतः कर्ता लांबलचक असेल तेव्हा. शास्त्रीय पुस्तकांत असं बरंच दिसतं. त्यामुळे चूक शोधायच्या प्रश्नात निव्वळ एवढ्यावरून त्याला चूक ठरवू नका, आधी दुसरं काही सापडतंय का बघा. आणि इज-आर पूर्ण गाळलेलंही चालतं, "द हायर द टाइड, द डीपर द वॉटर", भरती जितकी मोठी तितकं पाणी खोल, यात क्रियापद एकही नाही आणि वाक्य अगदी बरोबर आहे.

पहिला तुकडा रिकामा असेल तर कसं ओळखायचं?

दुसऱ्या तुकड्यावरून. मालवणला स्कूबाला गेलात तर हे वाक्य अनुभवातूनच कळेल:

"____ अ डायव्हर डिसेंड्स, द ग्रेटर द प्रेशर बिकम्स."
१) डीपर दॅन
२) ॲज डीप ॲज
३) द डीपर
४) द डीपेस्ट

पाण्यात साधारण दर १० मीटरला, समुद्रसपाटीवर हवेचा जेवढा दाब असतो तेवढा दाब वाढतो, म्हणजे एकाबरोबर दुसरं बदलतंय, अर्थाने द-द. पण परीक्षेत अर्थापर्यंत जायचीही गरज नाही. कॉमानंतर "द ग्रेटर" दिसला, त्याच्यामागे लगेच कर्ता आहे, म्हणजे हा जोडीतला अर्धा भाग आहे आणि दुसरा अर्धा रिकाम्या जागेत हवा. उत्तर ३. चौथा पर्याय मुद्दाम ठेवतात कारण त्यातही "द" आहे, पण या साच्यात "मोस्ट" किंवा "एस्ट" वालं रूप कधीच येत नाही.

मध्ये "देन" किंवा "अँड" किंवा "सो" लावायचं का? आणि "विल"?

नाही लावायचं, फक्त कॉमा. दोन "द" नीच जोडणी झालेली असते. असं जोडलेलं दिसलं की तोच चुकीचा भाग. "विल" फक्त दुसऱ्या तुकड्यात येऊ शकतं, पहिल्यात भविष्याची गोष्ट असली तरी साधा वर्तमानच, "द लाँगर यू वेट, द हायर द प्राइस विल बी". "इफ" च्या वाक्यात जो नियम तोच इथे.

"द" आणि तुलनेचं रूप दिसलं की प्रत्येक वेळी जोडी शोधायची का?

शोधायची, पण एक अपवाद लक्षात ठेवा. दोघांतला एक निवडताना पण "द" येतो, "द ओल्डर ऑफ द टू ब्रदर्स". तिथे मागे "ऑफ द टू" किंवा दोनच गोष्टींचा उल्लेख असतो आणि दुसरा तुकडा नसतो. शिवाय क्रम उलटला तरी जोडीतला एक "द" जातो, "इट गेट्स डार्कर द डीपर यू गो", इथे "डार्कर" वाला मुख्य भाग आधी आलाय म्हणून त्याला द नाही आणि कॉमाही नाही. हे परीक्षेत क्वचित, पण दिसलं तर गोंधळू नका.

"ॲज मच ॲज" आणि "ॲज मेनी ॲज" यात मी अंदाजानेच टिक करतो. काही पक्कं आहे का?

आहे, पण आधी हे समजून घ्या की आपल्याला अंदाज का मारावा लागतो. मराठीत "किती" एकच. किती माणसं, किती पाणी, किती मीठ, सगळीकडे किती. इंग्रजीत मोजता येणाऱ्या अनेकवचनी नामाला मेनी, आणि न मोजता येणाऱ्याला मच.

आता गंमत अशी की मोजता येणं-न येणं हे वस्तूवर नाही तर भाषेवर ठरतं. आपण "पैसे" अनेकवचनी बोलतो, "पैसे संपले", म्हणून हात आपोआप "ॲज मेनी मनी" लिहितो. इंग्रजीत मनी न मोजता येणारं, म्हणून "ॲज मच मनी". "तांदूळ आणले", "केस वाढले", आपल्याकडे दोन्ही अनेकवचनी, पण इंग्रजीत राइस आणि हेअर दोन्हीला मच. तुम्हाला फार पाठांतर नको असेल तर निदान एवढे तीन शब्द तरी लिहून भिंतीवर लावा, कारण हे तिन्ही आपली भाषा आपल्याला उलटं शिकवते. "माहिती" सारख्या शब्दात तेवढं चुकत नाही, कारण "माहित्या" आपणही म्हणत नाही.

"फिश" जरा वेगळा आहे. सगळ्या किनारपट्टीवर आपण "मासे" पण म्हणतो आणि "मासळी" पण म्हणतो. रापण ओढून झाल्यावर "आज मासळी किती आली" विचारतात तेव्हा ढिगाचा अंदाज हवा असतो, आणि "पिशवीत मासे किती" विचारलं तर आकडा हवा असतो. इंग्रजीत फिश हा एकच शब्द दोन्ही कामं करतो. मासळीच्या अर्थाने "ॲज मच फिश", माशांच्या आकड्याच्या अर्थाने "ॲज मेनी फिश". म्हणून फिश दिसला तर नामावर न थांबता क्रियापद बघा, "आर" आहे का "इज".

आणि पहिला "ॲज" आला की दुसराही "ॲज"च. "ॲज मच... दॅन" हे परीक्षेतलं फार आवडतं जाळं आहे, कारण मध्ये पाच-सहा शब्द घालतात आणि दॅनपर्यंत पोचेस्तोवर आपण पहिला ॲज विसरलेले असतो. "नॉट" असेल तर "नॉट सो मच ॲज" पण चालतं, शेवट मात्र ॲजच.

"ॲज मेनी ॲज २०० बोट्स" यात तुलना कुणाशी आहे?

कुणाशीच नाही. आकडा लगेच मागे आला की अर्थ "तब्बल २००" किंवा "२०० पर्यंत". वजन, पैसे, अंतर यांना "ॲज मच ॲज", मोजायच्या वस्तूंना "ॲज मेनी ॲज".

"दुप्पट" इंग्रजीत लिहिताना "ट्वाइस" कुठे ठेवायचा?

पहिल्या "ॲज" च्या आधी, कायम. क्रम असा: पट, ॲज, मेनी किंवा मच, नाम, ॲज, आणि ज्याच्याशी तुलना ते.

हे आपल्याला जड जातं कारण मराठीत क्रम जवळजवळ पूर्ण उलटा आहे. समजा एका बागायतदाराने गेल्या वर्षी १०० पेट्या हापूस विकला आणि यंदा २००. आपण म्हणू "गेल्या वर्षीच्या दुप्पट पेट्या विकल्या". ज्याच्याशी तुलना ते गेलं वर्ष सगळ्यात आधी आलं, मग दुप्पट, मग पेट्या. इंग्रजीत: "ही सोल्ड ट्वाइस ॲज मेनी बॉक्सेस ॲज ही डिड लास्ट इयर". दुप्पट पहिल्यांदा, पेट्या मध्ये, गेलं वर्ष अगदी शेवटी. मराठीचे "-च्या", "-पेक्षा", "-इतका" हे सगळे शब्दाच्या मागे लागतात, इंग्रजीचे ॲज आणि दॅन पुढे उभे राहतात, म्हणून सगळी रांगच फिरते.

नाम कुठे टाकायचं हाही इथेच प्रश्न येतो. "ट्वाइस ॲज मेनी ॲज बॉक्सेस" असा पर्याय हमखास असतो, चूक. मोजायची वस्तू दोन ॲजच्या मध्ये.

आपल्याकडे पटींचे शब्द भरपूर आहेत, ते सगळे या साच्यात जातात. निम्मे म्हणजे "हाफ ॲज मेनी", तिप्पट म्हणजे "थ्री टाइम्स ॲज मेनी", दीडपट म्हणजे "वन अँड अ हाफ टाइम्स ॲज मेनी", पाऊणपट म्हणजे "थ्री-फोर्थ्स ॲज मेनी". आपल्यासारखा दीडपट-अडीचपटला एक सुटसुटीत शब्द इंग्रजीत नाही, त्यामुळे ती रूपं लांब दिसतात पण जागा तीच.

"ट्वाइस मोअर दॅन" का चूक? बोलताना तर सगळे म्हणतात.

"दुप्पटीने जास्त" हे मराठीत अगदी स्वाभाविक आहे म्हणून आपण "ट्वाइस मोअर" करतो. इंग्रजीत ट्वाइस आणि हाफ या दोघांना तुलनेचं रूप आणि दॅन चालत नाही, "ट्वाइस बिगर", "हाफ लेस दॅन" असं दिसलं की काट मारा, अपवाद शोधत बसू नका.

"थ्री टाइम्स मोअर दॅन" बद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. हे इंग्रजी पेपरांत, पुस्तकांत खूप वापरतात आणि ते वाचताना चूक मानू नका. पण त्यात अर्थाचा एक घोळ आहे. १०० पेट्यांच्या "तिप्पट जास्त" म्हणजे ३०० की मूळच्या १०० आणि वर ३०० अशा ४००? बहुतेक लोक ३०० धरतात, काही ४०० म्हणून भांडतात. "थ्री टाइम्स ॲज मेनी ॲज" मध्ये हा वादच नाही, ३००. म्हणून पर्यायांत दोन्ही असतील तर ॲजवालाच घ्या, आणि स्वतः लिहितानाही तोच वापरा.

"दॅट ऑफ" कधी लागतं? माझे दोन मार्क याच्यातच गेले.

हे एका पूर्ण उदाहरणातून घेऊ, आणि उदाहरण आपल्याच समुद्राचं घेते. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण सूर्याचाही त्यात वाटा आहे. अमावस्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते म्हणून उधाण येतं, आणि अष्टमीच्या आसपास ती काटकोनात असते म्हणून भांगाचं पाणी, भरती लहान. सूर्य प्रचंड मोठा, पण चंद्र खूपच जवळ, आणि भरती आणणारी ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते, त्यामुळे चंद्राचा जोर सूर्याच्या साधारण दुप्पट पडतो. आता प्रश्न:

"द टाइड-रेजिंग फोर्स ऑफ द मून इज अबाउट ____ द सन."
१) ट्वाइस स्ट्राँगर दॅन
२) ट्वाइस ॲज स्ट्राँग ॲज दॅट ऑफ
३) ॲज ट्वाइस स्ट्राँग ॲज
४) ट्वाइस ॲज स्ट्राँग दॅन दॅट ऑफ

मी पर्याय बघते तेव्हा आधी ट्वाइस कुठे आहे ते बघते. ३ मध्ये तो ॲजच्या मागे गेलाय, गेला. मग ट्वाइसबरोबर दॅन आहे का, १ गेला. मग ॲजची जोडी पूर्ण आहे का, ४ मध्ये ॲज सुरू होऊन दॅनवर संपलं, गेला. राहिला २.

पण समजा पाचवा पर्याय असता "ट्वाइस ॲज स्ट्राँग ॲज", दॅट ऑफ शिवाय? साचा बरोबर, तरी चूक. कारण वाक्य सुरू झालं "फोर्स" ने, आणि तुलना झाली "सन" शी. जोराची तुलना जोराशी व्हायला हवी, सूर्याशी नाही. मराठीत "चंद्राचा जोर सूर्याच्या दुप्पट" म्हणताना "सूर्याच्या" मधला "च्या" हे काम गुपचूप करून टाकतो, जोर परत म्हणावा लागत नाही. इंग्रजीत तो "च्या" म्हणजेच "दॅट ऑफ". नाम अनेकवचनी असेल तर "दोज ऑफ", आणि जागा असेल तर "दोज ॲट" किंवा "दोज इन". तेव्हा मराठी करून बघा, शेवटच्या शब्दाला "च्या" लागत असेल आणि इंग्रजीत नुसतं नाव असेल तर काहीतरी राहिलंय. "सन्स" असं अपॉस्ट्रॉफी लावलेलं रूप असेल तर मात्र दॅट ऑफ नको, तेच "च्या" चं काम करतं.

"ट्वाइस द नंबर ऑफ" असं पण बघितलंय, तिथे ॲज नाही.

बरोबर, हा वेगळा साचा. पट, मग द, मग नाम: "ट्वाइस द नंबर ऑफ", "थ्री टाइम्स द साइझ ऑफ", "हाफ द प्राइस ऑफ". यात नंबर, साइझ, प्राइस असं मापाचं नाम लागतं आणि ॲज एकही नाही. दोन साचे मिसळले की चूक, जसं "ट्वाइस ॲज द नंबर ऑफ".

दुसऱ्या ॲजनंतर "डू" किंवा "डिड" कशाला?

आधीच्या क्रियापदाची पुनरुक्ती टाळायला. हापूसच्या वाक्यात "ॲज ही सोल्ड लास्ट इयर" ऐवजी "ॲज ही डिड". काळ बघून घ्या, मुख्य वाक्य वर्तमानात आणि तुलना गेल्या वर्षाशी असेल तर मागे डिडच येणार. कर्ता लांब असेल तर डू आधी येऊ शकतं, "ॲज डू द बोट्स ऑफ द अदर हार्बर", हे उलटं दिसलं तरी बरोबर आहे. पुढे इज-आर असेल तर मागेही इज-आर, तिथे डू नाही.

निम्म्यापेक्षाही कमी असं म्हणायचं असेल तर दोन तुलना एकत्र येतात, मग दॅन का ॲज?

दोन्ही, आपापल्या जागी. मघाचं चंद्र-सूर्याचं वाक्य उलट फिरवा, सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी आहे. "द टाइड-रेजिंग फोर्स ऑफ द सन इज अ लिटल लेस दॅन हाफ ॲज स्ट्राँग ॲज दॅट ऑफ द मून." यातला "लेस दॅन" फक्त "हाफ" पुरता आहे, म्हणजे निम्म्याहून कमी. पुढचं "ॲज स्ट्राँग ॲज" आपली जोडी पूर्ण करून स्वतंत्र उभं आहे. चूक शोधायच्या प्रश्नात असं वाक्य आलं आणि दॅन-ॲज शेजारी शेजारी बघून हात शिवशिवला, तर "लेस दॅन" वर बोट ठेवून ते झाका आणि उरलेलं वाचा, "हाफ ॲज स्ट्राँग ॲज दॅट ऑफ द मून". नीट उभं राहतंय ना, मग चूक दुसरीकडे कुठेतरी आहे.